एक सेंटिमीटर माती आणि दोन दावेदार: 'उत्तम' स्पष्टीकरण ठरवायचं कसं?

अर्धविराम

डायनासोर कशाने संपले यावरून काल दोन मित्रांची अडीच तास जुंपली होती आणि मी मधे अडकले होते. एक म्हणत होता, लघुग्रह आदळला. दुसरा म्हणत होता, दख्खनचा लाव्हा. गंमत म्हणजे दोघांचंही ऐकताना पटत होतं. लघुग्रह आदळला तर धूळ उडणार, ऊन अडणार, वनस्पती मरणार, मग त्यांवर जगणारे. लाव्हा वाहिला तर गंधकाचे आणि कार्बनचे वायू सुटणार, हवामान बिघडणार, मग तेच.

माझा प्रश्न डायनासोरचा नाहीच खरं तर. दोन्हींपैकी काहीही घडलं असतं तरी शेवटी जीव मेलेलेच दिसले असते. मग एक स्पष्टीकरण दुसऱ्यापेक्षा 'चांगलं' आहे असं आपण म्हणतो तेव्हा नक्की काय म्हणतो? ते ऐकायला जास्त झकास वाटतं एवढंच? की दोन्ही शेजारी ठेवून तोलायची काही रीत आहे?

सरळरेघ

रीत जुनीच आहे. दोन्ही सारखीच बसत असतील तर साधं असेल ते घ्यायचं. एक दगड, एक दिवस, काम तमाम. लाव्ह्याच्या गोष्टीत लाखो वर्षं, शेकडो उद्रेक, वायूंचं गणित. लघुग्रह साधा, म्हणून लघुग्रह. विषय संपला.

तिरकस

पण डायनासोर संपले कुठे? पक्षी हे डायनासोरच आहेत. मूळ प्रश्नच चुकलाय.

अर्धविराम

@तिरकस, मान्य, पण त्याने माझ्या प्रश्नाचं काय होतं?

थरावरथर

@सरळरेघ, साधेपणा मोजायचा कशाने? लघुग्रहाची कल्पना पुढे आली त्या १९८० साली उभे राहून बघा. दख्खनचा लाव्हा कुणाला गृहीत धरायचा नव्हता, तो आजही पाचेक लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, जाऊन हात लावता येतो. लघुग्रहाचा खड्डा मात्र तेव्हा कुणालाच दाखवता येत नव्हता. म्हणजे 'नवीन वस्तू आणू नका, आहे त्यात भागवा' हा साधेपणा धरला, तर त्या वर्षी लाव्हा जिंकला असता. तुम्ही घटनांची संख्या मोजताय, दुसरा कुणी गृहीतकांची मोजेल. साधेपणाचं माप आपल्या आवडत्या बाजूला झुकवणं फार सोपं असतं.

अर्धविराम, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट न तपासता आत शिरली आहे: पुरावा दोघांसाठी एकच आहे, ही. 'जीव मेले' इतक्या ढोबळ पातळीवर तो एकच आहे. जवळ जाऊन पाहिलं की तसं राहत नाही.

इटलीत गुब्बिओ गावाजवळ एका घळीत चुनखडकाचे थर आहेत. खालच्या थरांत फोरॅमिनिफेरा नावाचे सूक्ष्म समुद्री जीव ठासून भरलेले, वाळूच्या कणाएवढे, भिंगातून सहज दिसणारे. वर साधारण एक सेंटिमीटर जाडीची चिकणमाती, डायनासोर संपले त्याच सुमाराची; जुना काळ आणि नवा काळ यांमधली सीमा हीच. त्याच्यावर पुन्हा चुनखडक, पण त्यात मोजकेच आणि अगदी बारके फोरॅमिनिफेरा. भूवैज्ञानिक वॉल्टर अल्वारेझला विचारायचं होतं ते फार माफक होतं: ही एवढीशी माती साचायला किती वर्षं लागली?

त्याचे वडील लुईस भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी युक्ती सुचवली. इरिडियम हा धातू पृथ्वीच्या कवचात जवळजवळ नाहीच, पण अवकाशातून पडणाऱ्या धुळीबरोबर ते थोडं थोडं सतत येत असतं. माती सावकाश साचली असेल तर तिच्यात थोडं इरिडियम सापडेल, झटपट साचली असेल तर सापडणारच नाही. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी मोजलं. आजूबाजूच्या खडकात अब्जात ०.३ भाग, मातीत साधारण ९. तीसपट. म्हणजे 'सावकाश' आणि 'झटपट' ही दोन्ही उत्तरं एका दमात गेली, कारण अवकाशी धुळीच्या नेहमीच्या वेगाने इतकं इरिडियम एक सेंटिमीटर मातीत येऊच शकत नव्हतं.

पुढचं संध्याकाळी लिहितो.

मधुमालती

वाचतेय. थोडं अवांतर होईल, पण माझ्या घरी सध्या अगदी हेच चाललंय म्हणून विचारते.

बेडरूमच्या छताला ओलीचा डाग पडलाय. त्या छताचा अर्धा भाग वरच्या बिऱ्हाडाच्या बाथरूमखाली येतो, अर्धा त्यांच्या उघड्या गच्चीखाली. वरचे काका म्हणतात गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलंय, तो सोसायटीचा खर्च. सोसायटीने आणलेला माणूस म्हणतो बाथरूमची पाइपलाइन गळतेय, तो काकांचा खर्च. डाग पावसाळ्यात वाढला, म्हणजे गच्ची. पण त्याच महिन्यात काकांकडे पाहुणे होते, म्हणजे बाथरूम. दोघांचंही बोलणं ऐकलं की पटतं. मी कुणाशी भांडू?

सरळरेघ

@मधुमालती, ज्याचा खर्च नाही त्याचं ऐका. विनोद सोडा, पण स्पष्टीकरण कोण देतोय हेही बघावंच लागतं.

थरावरथर

@मधुमालतीताई, हे अवांतर नाही. 'डाग पावसाळ्यात वाढला' हा पुरावा दोघांनाही चालतो, म्हणजे निवडीच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य. असे शंभर पुरावे गोळा केलेत तरी तुम्ही जागच्या जागी. जिथे एक जण 'हो' म्हणेल आणि दुसरा 'नाही', अशी जागा शोधायची. रात्री काकांच्या घरचे सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवर खूण करा, सकाळी बघा. येणाऱ्या पाण्याची लाइन गळत असेल तर तिच्यात चोवीस तास दाब असतो, काटा हलेलच. नाही हलला तर ती लाइन सुटली. पण सांडपाण्याची लाइन सुटत नाही हं, ती वापर असेल तेव्हाच गळते. गच्चीसाठी कोरड्या दिवसांत, बाथरूम दोन दिवस बंद ठेवून, फक्त गच्चीवर पाणी कोंडून बघा.

आता इरिडियमकडे. अवकाशातून आलं म्हटलं तरी लगेच लघुग्रह ठरत नाही. अल्वारेझ मंडळींपुढे आणखी एक दावेदार होता: जवळच झालेला ताऱ्याचा स्फोट. तोही इरिडियम फेकतो आणि जीवही मारू शकतो. पण तसा स्फोट झाला असेल तर इरिडियमबरोबर प्लुटोनियम-२४४ यायला हवं. त्याचं अर्धायुष्य आठ कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे ते आजही शिल्लक दिसलं असतं. त्यांनी शोधलं आणि आधी सापडलंसुद्धा! मग नवा नमुना घेऊन सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं, तर काहीच नाही. पहिल्या वेळी नमुन्यात बाहेरून भेसळ झाली होती. इरिडियमच्या दोन समस्थानिकांचं प्रमाणही आपल्याच सूर्यमालेतल्यासारखं निघालं. तारा बाद झाला.

मला हा प्रसंग फार आवडतो. हवं ते सापडलं असताना त्यांनी पुन्हा मोजलं. तिथेच थांबले असते तर आज पाठ्यपुस्तकात ताऱ्याचा स्फोट असता, निदान काही वर्षं तरी.

अर्धविराम

समजतंय. पण मग लाव्ह्याचं काय? तो इथपर्यंत मैदानात आलेलाच नाही.

थरावरथर

आला, आणि जोरात आला. १९८३ मध्ये हवाईच्या किलाउआ ज्वालामुखीतून निघालेल्या हवेतल्या कणांत इरिडियम सापडलं. म्हणजे खोल पृथ्वीतूनही ते वर येऊ शकतं. त्या दिवसापासून इरिडियम हा दोघांनाही चालणारा पुरावा झाला, निदान काही काळ. ताईंच्या पावसाळ्यासारखा.

१९८४ मध्ये ब्रूस बोहोर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातून त्याच सीमेवरच्या मातीतले क्वार्ट्झचे कण काढले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कणांत समांतर रेघांचे पट्टे दिसतात, एकाच दिशेचे नाहीत, एकमेकांना छेदणारे. स्फटिकाला क्षणार्धात प्रचंड दाबाचा धक्का बसला तरच अशा रेघा उमटतात. त्या आधीपासून माहीत होत्या, कारण अशनीपाताच्या विवरांत आणि अणुचाचण्यांच्या जागी त्या सापडल्या होत्या.

आता दोघांची उत्तरं बघा. लघुग्रहवाल्यांना काहीच जोडावं लागलं नाही. दगड आदळला तर असे कण उडणारच, ते मूळ गोष्टीतच बसलेलं होतं. ज्वालामुखीवाल्यांनी सांगितलं, प्रचंड स्फोटक उद्रेकात एवढा दाब निर्माण होत असेल. असेलही, पण दख्खनचे उद्रेक त्या जातीचे नव्हते. तिथे पातळ बेसाल्ट भेगांतून वर येऊन पसरला. शिवाय बेसाल्टात क्वार्ट्झ बहुतेक नसतंच, मग धक्का बसायला कण आले कुठून? एक ठिगळ लावलं की त्या ठिगळाला आणखी एक ठिगळ लागतं, असं ते झालं. मी स्पष्टीकरणं तोलतो ती अशी: नवा तपशील आला की कुणाला गप्प बसून चालतं आणि कुणाला शिवणकाम काढावं लागतं.

सरळरेघ

हे पटलं. पण ठिगळं मोजायची तर दोन्हीकडची मोजा. 'खड्डा कुठाय?' असं विचारल्यावर लघुग्रहवाले काय म्हणाले होते? समुद्रात पडला असेल, समुद्राचा तळ तर पृथ्वीच्या पोटात जात राहतो, खड्डा गिळला गेला असेल. याहून सोयीचं ठिगळ कोणतं?

थरावरथर

बरोबर पकडलंत. ते ठिगळच होतं, आणि त्या काळात टीकाकारांनी ते तसं दाखवलंही. फरक असलाच तर एवढा की ते हवेतून आणलेलं नव्हतं. पृथ्वीचा बराचसा भाग समुद्र आहे आणि तळ खाली जातो, हे खड्ड्याची गरज पडायच्या कितीतरी आधी माहीत होतं. दुसरं, त्या स्पष्टीकरणाने शोधायला दिशा दिली. धक्का बसलेले कण उत्तर अमेरिकेत मोठे, इतरत्र बारीक. म्हणजे आघात त्या बाजूला झाला असणार. आणि खड्डा निघाला मेक्सिकोच्या युकातानमध्ये, चिक्शुलूबला, गाळाखाली पुरलेला, सुमारे १८० किलोमीटर व्यासाचा. तेल शोधणाऱ्या भूभौतिकतज्ज्ञांना ती गोल खूण १९७८ पासून दिसत होती, १९८१ मध्ये त्यांनी परिषदेत सांगितलंही होतं, पण दोन्ही टोकं जुळायला १९९१ उजाडलं.

मातीतल्या इरिडियमवरून अल्वारेझ मंडळींनी १९८० मध्येच लघुग्रहाचा व्यास काढला होता: १० किलोमीटर, चार इकडेतिकडे. खड्डा त्या मापाला शोभणारा निघाला. एका जागची माती आणि दुसऱ्या जागचा खड्डा एकमेकांना न विचारता एकच आकडा सांगतात, तेव्हा मला तरी पुढे हट्ट धरवत नाही.

नीलाक्षी

उशिरा आले. मी तत्त्वज्ञान शिकवते, म्हणून एक काडी टाकते.

'उत्तम स्पष्टीकरण, म्हणून ते खरं' या उडीवरच आक्षेप आहे. बास व्हान फ्रासेन विचारतो, तुम्ही निवडलंत ते समोर असलेल्यांपैकी उत्तम. पण समोरचा सगळा घोळकाच चुकीचा असेल तर? रद्दीतला सर्वांत बरा कागद निवडल्याने तो दस्तऐवज होत नाही. गुब्बिओची गोष्ट खरं तर याचंच उदाहरण आहे. 'सावकाश की झटपट' एवढेच दोन पर्याय होते आणि दोन्ही निरुपयोगी ठरले. ते ठरले, कारण आकडा इतका वेडावाकडा आला की दुर्लक्ष करणं अशक्य होतं. आकडा मधला कुठला तरी आला असता तर? कुणीतरी 'जरा सावकाशच साचली' असं लिहून पुढे गेलं असतं, आणि आपल्याला ते उत्तमही वाटलं असतं.

आणि 'उत्तम' हा शब्दही दुतोंडी आहे. पीटर लिप्टनने भेद केलाय: कोणतं स्पष्टीकरण खरं असण्याची शक्यता जास्त, आणि कोणतं खरं निघालं तर जास्त उलगडा करेल. दोन्ही एकच नाहीत. अफू खाल्ल्यावर झोप का येते, तर तिच्यात झोप आणण्याची शक्ती आहे म्हणून. खरं असण्याची शक्यता शंभर टक्के, उलगडा शून्य. उलट एखाद्या कटाची गोष्ट सगळं काही उलगडते, आणि तिथेच संशय यायला हवा.

सरळरेघ

मग माझा साधेपणा या दोन्हींपैकी कशात बसतो?

नीलाक्षी

यावर आमच्यातच एकमत नाही. साधं स्पष्टीकरण जास्त उलगडा करतं हे बहुतेक जण मानतात. ते खरं असण्याची शक्यता जास्त का असावी, जग आपल्या सोयीसाठी साधं का असावं, याला मला पटलेलं उत्तर अजून मिळालेलं नाही. थरावरथर यांनी सांगितलेला ठिगळांचा हिशोब मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण ठिगळ म्हणजे पुरावा बघून मग कापलेला कपडा. तो अंगाला बसला यात नवल ते काय?

अर्धविराम

म्हणजे माझा लाव्हावाला मित्र हरला?

थरावरथर

कोणत्या प्रश्नावर, ते सांगा. 'इरिडियम आणि रेघांचे कण कुठून आले?' यावर हरला, मला शंका नाही. 'जीव का मेले?' हा वेगळा प्रश्न आहे, आणि दहापैकी नऊ भांडणं हे दोन एकत्र केल्याने लांबतात.

पहिल्या प्रश्नावर दोघे प्रतिस्पर्धी आहेत. दुसऱ्यावर असायलाच हवेत असं नाही. लाव्हा खरोखर वाहत होता, आणि तोही सीमेच्या अलीकडेपलीकडेच. २०१९ मध्ये एकाच नियतकालिकात दोन गटांनी दख्खनची कालगणना दिली. एकाने झिरकॉनचे कण वापरून युरेनियम-शिशाच्या पद्धतीने, दुसऱ्याने आर्गॉनच्या पद्धतीने. पहिल्यांच्या मते उद्रेक टप्प्याटप्प्याने झाले, आणि त्यातला एक मोठा टप्पा सामूहिक मृत्यूच्या किंचित आधीचा. दुसऱ्यांच्या मते बहुतांश लाव्हा सीमेनंतर वाहिला. दुसरे बरोबर असतील तर लाव्ह्याचा मोठा भाग संशयितांच्या यादीतूनच जातो, कारण खून झाल्यावर आलेला माणूस तो. शिवाय आघाताच्या हादऱ्याने दख्खनचा उद्रेक वाढला अशीही एक कल्पना आहे. मला ती आकर्षक वाटते, आणि आकर्षक वाटते म्हणूनच मी तिच्यापासून हातभर लांब राहतो.

तिरकस

पण डायनासोर तर आघाताच्या आधीपासूनच हळूहळू कमी होत होते ना? मग तो लाव्हाच. आणि माझ्या पहिल्या प्रतिसादाला कुणी उत्तरच दिलं नाही.

थरावरथर

या वेळी मुद्द्याचं बोललात. 'हळूहळू कमी होत गेले' हे जीवाश्मांत दिसतं, पण दिसण्यात एक फसवणूक आहे. समजा एखादी दुर्मीळ जात सीमेपर्यंत अगदी ठणठणीत होती. तिचा शेवटचा प्राणी नेमका सीमेवर मरेल, त्याचा जीवाश्म होईल आणि तोच तुम्हाला सापडेल, याची शक्यता किती? जवळजवळ नाही. तिचा शेवटचा सापडलेला नमुना सीमेच्या बराच खाली असणार. जात जितकी दुर्मीळ, तितका खाली. म्हणजे सगळ्या एका दिवसात मेल्या तरी खडकात त्या एकेक करून गेल्यासारख्या दिसतील. सिनॉर आणि लिप्स यांनी १९८२ मध्ये हे मांडलं. जीवाश्मतज्ज्ञ पीटर वॉर्ड स्पेनच्या किनाऱ्यावर अमोनाइट नावाच्या शंखवाल्या समुद्री जीवांचे जीवाश्म शोधत होता. आधी त्यालाही ते सीमेच्या खूप आधीच संपलेले वाटले. तो परत परत जाऊन शोधत राहिला, तेव्हा ते सीमेच्या जवळ जवळ येत गेले.

सगळ्याच जातींचं असं आहे असं मी म्हणत नाही. डायनासोरांच्या उताराबद्दल अजून वाद आहे.

तुमच्या पक्ष्यांचाही उपयोग आहे. 'जीव का मेले' यापेक्षा 'पक्ष्यांच्या काही जाती, मगरी, कासवं वाचली आणि बाकीचे डायनासोर का नाहीत' हा प्रश्न जास्त कडक आहे. सूर्य झाकला गेला एवढं म्हणून तो सुटत नाही, लाव्ह्याच्या वायूंनीही सुटत नाही. लहान शरीर, कमी अन्नावर तग धरणं, पाण्यातल्या कुजलेल्या पाल्यावर चालणारी अन्नसाखळी, अशी उत्तरं दिली जातात. ती मुख्यतः वाचलेल्यांबद्दल बोलतात आणि दोन्ही कारणांना जवळपास सारखीच जोडता येतात. इथे माझ्याकडे निकाल नाही.

नीलाक्षी

@अर्धविराम, तुमच्या मित्रांना पुढच्या वेळी सुरुवातीलाच विचारा, 'कशाऐवजी?' इरिडियम तीसपट का, दुप्पट का नाही? मगर का वाचली, ती का मेली नाही? भांडण तासाभराने तरी कमी होईल.

अर्धविराम

विचारते. लाव्हावाला ऐकणार नाही, पण लघुग्रहवाल्यालाही आता तेवढं सोपं जाणार नाही, याचंच जास्त समाधान आहे.

मधुमालती

माझा अहवाल. मीटरचा काटा रात्रभर जागचा हलला नाही. बाथरूम दोन दिवस बंद ठेवलं, काकांनी कुरकुरत का होईना ऐकलं. त्याच दोन दिवसांत गच्चीवर पाणी कोंडलं, त्यात रंगही टाकला. छताला रंग नाही. पण डागाची कडा मी पेन्सिलने आखून ठेवली होती, ती दोन दिवसांत बोटभर पुढे सरकली!! गच्चीही नाही, बाथरूमही नाही, मग पाणी येतंय कुठून?

सरळरेघ

रंग काँक्रीटमध्येच अडकू शकतो हं. गच्ची इतक्यात सोडू नका.

थरावरथर

हेही खरं, रंगाची चाचणी 'हो' म्हणाली तर पक्की, 'नाही' म्हणाली तर अर्धीच. पण त्याआधी एक सांगा ताई, काकांच्या एसीची पाण्याची नळी कुठून जाते?

मधुमालती

थांबा, वर जाऊन बघून येते.